‘मानधन’ म्हणून दिले, ‘व्यावसायिक’ म्हणून कापले

शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या आपल्या पोरांना कॉलेजात एक टोमणा हमखास ऐकायला मिळतो: “आमच्या टॅक्सवर शिकता.” टोमणा मारणारा बहुतेक वेळा स्वतः एक रुपयाही आयकर भरत नसतो, ते सोडून देऊ. पण ज्याला टोमणा बसला, त्याच्या कमाईतून आयकर खात्याकडे कापून गेलेले आणि कायद्याने त्यालाच परत मिळायला हवेत असे हजारो रुपये तिथे पडून असू शकतात, हे त्या दोघांनाही माहीत नसते. हा लेख त्या पैशांबद्दल आहे.

गेल्या महिन्यात विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गानंतर एक मुलगी थांबली. छत्रपती संभाजीनगरला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वडील बांधकामावर मिस्त्री, आई घरकाम करते. ती संध्याकाळी एका खाजगी क्लासमध्ये आठवी ते दहावीच्या पोरांना शिकवते. म्हणाली, “दादा, क्लासवाले नऊ हजार सांगतात आणि खात्यावर आठ हजार शंभर टाकतात. विचारलं तर म्हणतात, टॅक्स कापला. मला टॅक्स लागतो का? आणि लागत असेल तर माझी स्कॉलरशिप जाईल का?”

दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पण त्या ‘नाही’पर्यंत जायचा रस्ता समजून घ्यावा लागतो, कारण तो समजला नाही म्हणूनच पैसे बुडतात. आमचेही बुडाले आहेत. एम.ए. करताना आम्ही एका संस्थेच्या सर्वेक्षणात गावोगाव प्रश्नावल्या भरल्या होत्या. हातात येणाऱ्या रकमेतून दहा टक्के गेले, ‘सरकारी नियम आहे’ एवढे सांगण्यात आले आणि आम्ही मान डोलावली. समाजशास्त्राची पदवी घेत होतो, शोषणावर टिपणे काढत होतो, पण स्वतःच्या पावतीवर काय लिहिले आहे ते वाचले नाही.

आधी शिष्यवृत्तीचे बघू, कारण भीती तिथे आहे. आयकर कायदा १९६१ च्या कलम १०(१६) नुसार शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी दिलेली शिष्यवृत्ती एकूण उत्पन्नात धरतच नाहीत. या कलमात रकमेची वरची मर्यादा नाही. जुनी करपद्धती घ्या किंवा नवी, ही सूट दोन्हीकडे कायम आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिच्यातली फी आणि निर्वाहभत्ता, हे सगळे यात येते. ही योजना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ पासून चालू आहे, म्हणजे ‘टॅक्सवर शिकता’ म्हणणाऱ्याच्या आजोबांपासून. स्वाधार योजनेची रक्कमही शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या विद्यार्थ्याला शिकता यावे म्हणून राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी दिली जाते, म्हणून आम्ही ती याच कलमात धरतो.

पण नुसत्या नावावर जाऊ नका. ‘स्टायपेंड’ हा शब्द दोन्हीकडे वापरला जातो. एखादी कंपनी इंटर्नशिपच्या नावाने तुमच्याकडून काम करून घेते आणि महिन्याला रक्कम देते, तेव्हा ती कामाची किंमत आहे, शिष्यवृत्ती नाही. पीएच.डी. करणाऱ्याला स्वतःच्या संशोधनासाठी मिळणारी फेलोशिप वेगळी आणि प्राध्यापकाच्या प्रकल्पावर सहायक म्हणून राबल्याबद्दल मिळणारे पैसे वेगळे. पैसे देणाऱ्याने ते कशाबद्दल दिले, हे विचारायचे. शिकण्यासाठी दिले असतील तर करमुक्त, काम करून घेतल्याबद्दल दिले असतील तर उत्पन्न. आणि शिष्यवृत्ती बँकेत पडून राहिली तर तिच्यावरचे व्याज हे व्याजच, ते उत्पन्नात येते.

आता कमाई. त्या मुलीने जून २०२४ ते मार्च २०२५ अशी दहा महिने शिकवणी घेतली. दरमहा ९,००० प्रमाणे ९०,००० रुपये झाले. शिवाय स्वाधारचे ५१,००० आणि मॅट्रिकोत्तरची फी, पण ती रक्कम उत्पन्नात येत नाही. म्हणजे कायद्याच्या नजरेत तिचे वर्षाचे उत्पन्न ९०,००० आणि बँकेचे दोन-चारशे रुपये व्याज. २०२४-२५ या वर्षासाठी नव्या करपद्धतीत ३ लाखांपर्यंत कर नव्हता. २०२५-२६ साठी ही मर्यादा ४ लाख झाली. कोणी हट्टाने स्वाधारची रक्कमही उत्पन्नात धरली, तरी बेरीज १,४१,००० होते. कर शून्य.

कर शून्य असेल तर दहा महिने दरमहा नऊशे रुपये कशाचे कापले?

इथे तो शब्द येतो: मानधन. क्लासचालकाने तिला शिक्षिका म्हणून पगारावर ठेवले असते, तर कलम १९२ लागले असते. त्या कलमात मालकाने वर्षभराच्या पगाराचा अंदाज घ्यायचा आणि त्यावर कर बसत असेल तरच कापायचा. नऊ हजार महिन्याच्या पगारावर कापण्यासारखे काहीच नाही, त्यामुळे तिला पूर्ण नऊ हजार मिळाले असते. पण क्लासचालकाने तिला ‘मानधनावर’ ठेवले. हिशेबाच्या वहीत तिची नोंद ‘व्यावसायिक शुल्क’ म्हणून झाली आणि कलम १९४जे लागले. हे कलम तुमचे वर्षाचे उत्पन्न किती, तुम्हाला कर बसतो की नाही, काहीही विचारत नाही. एका देणाऱ्याकडून वर्षात ३०,००० च्या वर रक्कम गेली की सरळ दहा टक्के कापा, एवढेच ते सांगते. १ एप्रिल २०२५ पासून ही ३०,००० ची मर्यादा ५०,००० झाली आहे. मर्यादा ओलांडली की कपात वरच्या रकमेवर नाही, पूर्ण रकमेवर होते.

म्हणजे कायद्याच्या कागदावर महिन्याला नऊ हजार घेणारी विद्यार्थिनी ही सनदी लेखापाल आणि वकिलांच्या रांगेतली ‘व्यावसायिक’ झाली. हजेरीपटावर सही तिची, वेळ क्लासने ठरवलेली, एक दिवस आली नाही तर पैसे कापले जाणार. हे स्वतंत्र व्यवसायाचे लक्षण आहे की नोकरीचे? मालकाने हा शब्द का निवडला, तेही उघड आहे. मानधन म्हटले की भविष्यनिर्वाह निधीचा आणि रजेचा विषयच काढावा लागत नाही. ‘मान’ तिला आणि ‘धन’ वाचले मालकाचे. आमच्या वस्त्यांतली शिकलेली पोरे आज ज्या कामांवर जगतात, सर्वेक्षण, डेटा एंट्री, शिकवणी, प्रकल्पातले ‘समन्वयक’ पद, त्यातले बरेचसे काम याच शब्दाखाली चालते. ज्याच्याकडे नोकरीचे संरक्षण नाही त्याचीच कपात आधी होते, आणि ज्याला पक्का पगार आहे त्याच्यासाठी मात्र कायदा आधी अंदाज घेतो. आमचा आक्षेप नेमका इथे आहे.

यावर काहीजण म्हणतात, १५जी फॉर्म भरून दे, कपात थांबेल. हा सल्ला इथे चुकीचा आहे. १५जी बँकेच्या व्याजासारख्या काही ठराविक उत्पन्नांसाठी आहे, १९४जे खाली तो चालत नाही. कमी कपातीचा दाखला आयकर अधिकाऱ्याकडून आधीच घेण्याची सोय कलम १९७ मध्ये आहे, पण नऊशे रुपयांसाठी ती प्रक्रिया करणारा विद्यार्थी आम्ही पाहिलेला नाही. राहतो एकच मार्ग: वर्ष संपल्यावर विवरणपत्र, म्हणजे रिटर्न, भरून पैसे परत मागणे.

आणि इथेच ‘रिटर्न भरणे गरजेचे आहे का’ या प्रश्नाचे खरे उत्तर सापडते. कायद्याने सक्ती आहे का? कलम १३९ प्रमाणे उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर गेले तरच सक्ती. तिच्यावर सक्ती नाही. पण सक्ती नसल्यामुळेच तिचे नऊ हजार सरकारकडे राहतात. आयकर खाते आपणहून फोन करून सांगत नाही की बाई, तुमचे पैसे घेऊन जा. रिटर्न भरले नाही तर परतावा नाही. म्हणून ‘तुला रिटर्नची गरज नाही’ हे जे सायबर कॅफेवाला किंवा सीनियर सहज बोलून जातो, ते कायद्याने बरोबर आणि व्यवहारात तिला नऊ हजारांनी नागवणारे वाक्य आहे. तिच्या मेसच्या हिशेबाने ते तीन महिन्यांचे जेवण होते.

उलट बाजूची चूकही होते, म्हणून दोन ठिकाणी सावध राहा. २०२५ मध्ये ‘१२ लाखांपर्यंत कर नाही’ ही बातमी सगळ्यांनी वाचली. ती सूट कलम ८७ए च्या सवलतीने मिळते. करमुक्त मर्यादा मात्र ४ लाखच आहे. पदवीनंतर नोकरी लागलेल्या, वर्षाला पाच लाख कमावणाऱ्या मुलाला कर शून्य येईल, पण रिटर्न भरणे त्याला बंधनकारक आहे. दुसरे म्हणजे, उत्पन्न मर्यादेखाली असले तरी वर्षभरात तुमच्या नावावर कापलेला कर २५,००० किंवा जास्त असेल, तर रिटर्न सक्तीचे होते. दोन-तीन ठिकाणी मानधनावर काम करणाऱ्यांनी ही बेरीज करून बघावी.

आम्ही त्या मुलीसोबत बसलो, तेव्हा पहिले काम रिटर्नचे नव्हते, पडताळणीचे होते. incometax.gov.in वर पॅनने खाते उघडले आणि फॉर्म २६एएस पाहिला. तुमच्या पॅनवर कोणी, किती आणि कोणत्या कलमाखाली कर कापून भरला, हे त्यात दिसते. तिच्या बाबतीत जून ते डिसेंबरच्या सात नोंदी होत्या, ६,३०० रुपये. जानेवारी ते मार्चचे २,७०० गायब. म्हणजे कापले, पण तिच्या नावावर आलेच नाहीत. हा प्रकार नेहमीचा आहे. कधी कापणाऱ्याने पैसे भरलेलेच नसतात, कधी भरले असतात पण त्या तिमाहीचे विवरण दिलेले नसते, कधी पॅनचे एक अक्षर चुकलेले असते.

तिला आम्ही क्लासचालकाकडे फॉर्म १६ए मागायला लावला. कर कापल्याचा हा दाखला प्रत्येक तिमाहीचा द्यावा लागतो आणि तो देणे हे उपकार नाहीत, कापणाऱ्याचे कर्तव्य आहे. ती एकटी गेली तेव्हा ‘बघू’ असे उत्तर मिळाले. मग तिथे शिकवणारे चौघेजण एकत्र गेले आणि लेखी मागितले. चौघांच्याही शेवटच्या तिमाहीच्या नोंदी नव्हत्या. क्लासच्या हिशेबनिसाने विवरण भरायचे राहिले होते. तीन आठवड्यांनी नोंदी दिसू लागल्या. एकटीने मागितले असते तर किती महिने गेले असते, कोण जाणे. बँकेच्या खात्यावर दरमहा ८,१०० जमा झाल्याच्या नोंदी आणि नऊ हजार ठरल्याचा मोबाईलवरचा संदेश, एवढा पुरावा तिने जपला होता. तुमच्याकडेही तेवढा असू द्या.

रिटर्न भरताना एक चूक होते, ती टाळा. घाईत सगळे आयटीआर-१ उघडतात आणि रक्कम ‘पगार’ म्हणून लिहितात. कपात १९४जे खाली आहे, म्हणजे कापणाऱ्याने ती पगार म्हणून दाखवलेली नाही. दोन्हीकडची नोंद जुळत नाही आणि परतावा अडकतो. व्यवसायाच्या उत्पन्नासाठी आयटीआर-३ आहे, आणि अंदाजित उत्पन्नाची पद्धत लागू होत असेल तिथे आयटीआर-४. आम्ही तिचा आयटीआर-३ भरला. फॉर्म लांबलचक आहे, पण हिशेबाच्या वह्या न ठेवणाऱ्यांसाठी त्यात एक छोटा भाग आहे: एकूण जमा, खर्च, निव्वळ नफा. खर्च दाखवण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. पूर्ण ९०,००० नफा धरला तरी कर शून्यच होता, मग प्रवासाच्या पावत्या शोधायच्या कशाला? शिष्यवृत्ती करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात लिहिली. कापलेल्या कराच्या तक्त्यात ९,००० आले, देय कर शून्य, परतावा ९,०००.

२०२४-२५ च्या रिटर्नची मुदत वाढवत १६ सप्टेंबर २०२५ पर्यंत नेली होती आणि ती उलटून गेली होती. तरी बिघडले नाही. उशिराचे रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येत होते. ज्याला रिटर्नची सक्तीच नव्हती त्याला उशिराचा दंडही नाही. सक्ती असूनही चुकवणाऱ्याला पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर १,००० रुपये पडतात. भरून झाल्यावर तीस दिवसांच्या आत आधारच्या ओटीपीने पडताळणी करायची असते. ती राहिली तर भरलेले रिटर्न न भरल्यासारखे होते. पॅन आधारशी जोडलेले नसेल तर परतावा मिळत नाही. आणि कामाच्या ठिकाणी पॅन दिलाच नसेल तर दहाऐवजी वीस टक्के कापले जातात, वर ते तुमच्या नावावर दिसतही नाहीत. आपल्याकडे अनेकांच्या बाबतीत शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, ते आधी दुरुस्त करून घ्यावे.

३१ डिसेंबरही गेली तर? परतावा मागण्यासाठी ‘अद्ययावत रिटर्न’ चालत नाही, हे लक्षात ठेवा. मग विलंब माफ करण्याचा अर्ज कलम ११९(२)(बी) खाली करावा लागतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार करनिर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो, खरी अडचण होती हे पटवून द्यावे लागते. म्हणजे जुन्या दोन-तीन वर्षांचे पैसेही पूर्ण बुडालेले नाहीत. आमचे मात्र त्या मुदतीच्याही पलीकडे गेले.

राहिली शिष्यवृत्ती जाण्याची भीती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी तहसीलदाराच्या दाखल्यावर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. रिटर्न भरल्याने उत्पन्न वाढत नाही. ते कमावले तेव्हाच झालेले असते आणि कापणाऱ्याने पॅनसह सरकारला आधीच कळवलेले असते. रिटर्न न भरून काहीही लपत नाही, फक्त पैसे सुटतात. तिच्या वडिलांचा दाखला १,१०,००० चा आहे. त्यात तिचे ९०,००० मिळवले तरी दोन लाख होतात. अर्जात स्वतःच्या कमाईचा रकाना असेल तर ती खरी लिहावी, आणि नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्या वर्षाच्या शासन निर्णयात काय अट आहे ती वाचून घ्यावी. खोटे लिहून वाचवलेली शिष्यवृत्ती पुढे वसुलीच्या नोटिशीने परत घेतली जाते.

एक प्रकार मात्र आम्हाला सहन होत नाही. काही एजंट ‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणत पोरांचे रिटर्न भरतात, त्यात न दिलेल्या देणग्या आणि न काढलेला विमा दाखवतात, स्वतःचा मोबाईल आणि ईमेल नोंदवतात आणि परताव्याचा हिस्सा घेतात. जितका कर कापला गेला त्यापेक्षा कर परत मिळूच शकत नाही. नऊ हजार कापले असतील तर नऊ हजार, त्यावर नियमाने बसले तर थोडे व्याज. त्याहून मोठा आकडा सांगणारा माणूस तुमच्या सहीने खोटे बोलतो आहे, आणि नोटीस तुमच्या नावाने येणार आहे.

१४ एप्रिलला आपण व्यासपीठावरून सांगतो की बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर आणि ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर ग्रंथ लिहिले. खरे आहे, सांगायलाच हवे. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांनी स्वतःचा २६एएस उघडून पाहिला आहे? आमच्या अभ्यासवर्गात विचारले तेव्हा पंचवीसपैकी दोन हात वर आले. मानधनावर काम करणारे मात्र अकरा होते.

त्या अकरा जणांसाठी आम्ही डिसेंबरच्या पहिल्या दोन रविवारी विहारात लॅपटॉप घेऊन बसणार आहोत. पॅन, आधारशी जोडलेला मोबाईल, बँकेचे पासबुक आणि मिळाला असेल तर फॉर्म १६ए सोबत आणायचा. नव्याने कामाला लागणाऱ्यांनी रुजू होतानाच विचारायचे: पैसे पगार म्हणून देणार की शुल्क म्हणून, आणि कापणार असाल तर दाखला कधी देणार? १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आणि वर लिहिलेले कलमांचे आकडे बदलले. २०२४-२५ आणि २०२५-२६ च्या उत्पन्नाला मात्र जुनाच कायदा लागू आहे. त्या मुलीचा परतावा अजून खात्यावर यायचा आहे. पोर्टलवर तिचे रिटर्न ‘प्रक्रियेत’ दाखवते आहे आणि ती रोज सकाळी उघडून बघते.